खुणेपासून पाणी

"म्हणजे एप्रिलमध्ये तिथं पाणी येत नव्हतं, आणि आता ऑक्टोबरात यायला लागलं?" तेयानं, मिलोयकाच्या सुनेनं, मक्याच्या पोलेंटाचं पातेलं टेबलावर असं आदळलं की नोनोंची कॉफी बशीत सांडली. "आई, तुम्हीच म्हणाला होतात. ह्याच टेबलापाशी बसून."

"पाणी येतं असं मी अजूनही म्हणत नाहीये," मिलोयका म्हणाली. "सोमवारी खोदाईवाल्याला बोलावू नका, एवढंच म्हणतेय. थोडं थांबा."

"किती थांबायचं?"

"मला कळेपर्यंत."

"काय कळेपर्यंत?" तिच्या मुलानं, आल्योशानं, तोंडातला घास तसाच ठेवून विचारलं. "घराचा पाया आखून झाला. खुंट्या मारल्या. नगरपालिकेच्या नकाशात आपली जागा हिरवी आहे, पुराच्या बाहेरची. तू स्वतः सगळी जुनी पानं पाहिलीस. वर गेलेला आकडा एकच, तोही सव्वाशे वर्षांपूर्वीचा, असं तूच सांगितलंस. आता काय झालं?"

"आकडे उलटे दिसतायत."

"उलटे म्हणजे?"

मिलोयकाला ते नीट सांगता येईना. वेन्को, तिचा नवरा, अशा वेळी पाव कापत बसायचा. आज त्यानं इतका कापला होता की शेजाऱ्यांनाही पुरला असता.

"मी चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे," नोनो बशीतली कॉफी परत कपात ओतत म्हणाले. नोनो म्हणजे मिलोयकाचे सासरे. घरात त्यांना सगळेच नोनो म्हणत. "तुझ्या बापाचं ते गवत कापायला मीच यायचो, मिलोयका. त्या नाशपातीच्या झाडापर्यंत पाणी? आमच्या बकरीचे खूरसुद्धा तिथं कधी भिजले नाहीत."

"ऐका!" तेया म्हणाली. "नोनोंना माहीत आहे, सरकारला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त आईंच्या कॉम्प्युटरला." मग तिचा आवाज खाली आला. "खरं सांगा ना. आम्ही वेगळे राहायला जाऊ नये असंच तुम्हाला वाटतंय."

हे वाक्य दोन वर्षं त्या स्वयंपाकघरात कुठेतरी, बहुधा फ्रीजच्या मागे, पडून होतं. आज ते टेबलावर आलं. मिलोयका उठली, आपली थाळी धुतली आणि जिना चढून वर गेली.

ब्रेग गावात मिलोयकाला लोक ओळखत ते लाकूड कारखान्याच्या ऑफिसातली बाई म्हणून. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण गावात एकदा चिकटलेलं नाव सुटत नाही. तिथं ती आलेल्या ओंडक्यांची आणि गेलेल्या फळ्यांची नोंद ठेवायची. ओंडका घनमीटरात यायचा, फळी चौरस मीटरात जायची, आणि ह्याचा त्याला मेळ घालता घालता तिची तरुणपणाची वर्षं सरली. तिची आजी इटलीच्या राजवटीत शाळेत गेली होती. चिडली की ती इटालियनमध्येच चिडायची, त्यामुळे मिलोयकाला ती भाषा घरबसल्या आली. जर्मन तिनं लग्नाआधी सीमेपलीकडच्या एका खानावळीत चादरी बदलताना उचलली. ह्या दोन भाषांचा पुढे काही उपयोग होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, तिला तर मुळीच नाही.

उपयोग झाला तो शहरातल्या जलमापन कार्यालयामुळे. लिप्नित्सा नदी ब्रेगच्या खोलगट गवताळ मैदानात एका टोकाला जमिनीतून वर येते आणि दुसऱ्या टोकाला जमिनीत शिरते. उन्हाळ्यात तिथं गाई चरतात. पावसाळी शरद ऋतू आला की बिळांतून पाणी वर येतं आणि मैदानाचं तळं होतं, कधी पसरट, कधी बरंच खोल. ह्या पाण्याची उंची पुलावर रोज सकाळी सातला मोजायची पद्धत ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या काळात पडली. बादशहा गेला, इटलीचं राज्य आलं. इटली गेली, युगोस्लाविया आला. तोही गेला. पाणी मोजणं मात्र चालू राहिलं, आणि प्रत्येक राजवटीनं आपापल्या भाषेत, आपापल्या पद्धतीचा तक्ता छापून घेतला. ते सगळे तक्ते आता स्कॅन झाले होते. ते एका मोठ्या तक्त्यात आणायचे, म्हणजे सलग ओळ दिसेल, हे मिलोयकाचं काम. घरी बसून, वरच्या खोलीत, खिडकीशी. खिडकीतून तेच मैदान दिसायचं.

कार्यालयात बोझेना नावाची बाई तिच्या कामाची तपासणी करायची. तिनं पहिल्याच दिवशी एका कागदावर ठरलेले मथळे लिहून दिले होते: ठाणं, तारीख, वेळ, पाण्याची पातळी शून्य खुणेपासून सेंटिमीटरमध्ये, पाऊस, शेरा, आणि ही ओळ कुठल्या ग्रंथाच्या कुठल्या पानावरून घेतली ते. "जगातलं सगळं पाणी ह्या रकान्यांत बसवायचं," ती म्हणाली होती. "बसलं नाही तर?" "तर कोंबायचं नाही. आपल्या मूळ नावानं बाजूला ठेवायचं. आणि ऐक, रिकामं म्हणजे शून्य नव्हे. माणूस आजारी होता, मोजलं नाही, ते रिकामं. पाऊस पडला नाही, ते शून्य. ह्या दोन्हींची गल्लत केलीस तर मी तुझ्या घरी येऊन तुझी नाशपातीची दारू संपवीन."

मिलोयकानं एक वेगळा तक्ता केला. डावीकडे मूळ पानावरचा मथळा, अक्षरही न बदलता. त्याच्या शेजारी तो आपल्या कुठल्या मथळ्याखाली जाणार. मग एकक, मग लागेल ते गणित, मग शंका. जर्मन पानांवर पाण्याच्या पातळीला एक शब्द होता, युगोस्लाव पानांवर दुसरा, पण दोन्ही पुलावरच्या पट्टीच्या शून्यापासून वर मोजलेल्या. हे सोपं होतं. कुठे पाऊस आधी आणि पाणी नंतर, कुठे उलट. कुठे सकाळ आणि संध्याकाळ असे दोन रकाने एकाच मोठ्या मथळ्याखाली, त्यांच्या दोन ओळी करायच्या. हे काम करताना तिला खालच्या कोठीची आठवण यायची. तिथं सासूबाईंच्या हातची बरणी होती 'आंबट', तिची स्वतःची 'सलगम, नोव्हेंबर', आणि तेयाची 'आंबवलेलं, सप्टें.' तिन्हींत एकच वस्तू, आणि पाहुण्यासमोर झाकण उघडेपर्यंत कुणालाच खात्री नसायची.

एप्रिलमध्ये तिनं प्रत्येक ग्रंथातला सगळ्यांत मोठा आकडा काढला होता. ती मोजमापाची पहिली चाचणीच असते, आकडे शक्य त्या मर्यादेत आहेत का, ही. ऑस्ट्रियाच्या काळात एकदाच साडेचार मीटरच्या वर. युगोस्लावियाच्या काळात चारच्या आत. इटलीच्या काळात साडेतीनच्या आसपास. कुठे कुठे उणे आकडेही होते, पण उणे पातळी ह्या धंद्यात काही नवी नाही. कोरड्या वर्षात पाणी पट्टीच्या शून्याखाली जातंच. नाशपातीजवळची जमीन, जिथं आल्योशाला घर बांधायचं होतं, ती शून्यापासून चार मीटर वीसवर आहे, हे नकाशावाला सांगून गेला होता. मग ती जेवताना म्हणाली, बांधा. जमीन तिच्या बापाकडून तिला आलेली, तिच्याच नावावर होती, त्यामुळे तिच्या 'बांधा'ला वजन होतं. त्या दिवशी तेयानं लग्नानंतर पहिल्यांदा तिला मिठी मारली होती.

आणि काल तिनं इटलीची पानं बाकीच्यांना जोडली, पावसाचा रकाना खाली घेतला, पाण्याची रेघ वर काढली, आणि थंड पडली.

इटलीच्या वीस वर्षांत पाऊस वाढला की पाणी उतरत होतं. नोव्हेंबरात धो धो, आणि पातळी उणे. ऑगस्टात एक थेंब नाही, गाई धुळीत लोळत असतील, आणि पाणी साडेतीन मीटर.

ती खिडकीशी बसून तेच पुन्हा पाहत राहिली. खाली भांड्यांचा आवाज येत होता. तिनं बोझेनाला फोन लावला. शनिवार होता.

"मी जंगलात आहे, अळंबी शोधतेय," बोझेना म्हणाली. "कुणी मेल्याशिवाय फोन करायचा नाही असं मी सांगितलंय. कोण मेलं?"

"इटलीच्या काळातल्या पाण्याची रेघ उलटी येतेय."

"पाऊस चुकला असेल."

"पाऊस शेजारच्या ठाण्याशी जुळतो. पाणीच उलटं आहे. ऋतू उलटे."

पलीकडे पाचोळ्याचा आवाज थांबला. "त्या पाण्याचा मथळा तू कुठल्या पानावरून घेतलास?"

"एकोणीसशे सव्वीस, मे महिना. स्वच्छ पान होतं. 'पाणी, मी.', म्हणजे मीटरमध्ये, एवढंच लिहिलंय."

"मेमधलं."

"हो."

"जानेवारीचं पान काढ, मिलोयका. वर्षाचं पहिलं पान. छापखाने पूर्ण मथळा पहिल्याच पानावर देत. पुढच्या पानांवर नुसती खालची ओळ, मोजणाऱ्याला पाठ असायची म्हणून. स्वच्छ पान बघून मधूनच मथळा उचलायचा मोह सगळ्यांना होतो. मला झालाय. माझ्या साहेबांना तर छापून आल्यावर कळलं होतं."

जानेवारीचं पान मळकं होतं, कोपऱ्यात कॉफीचा गोल डाग. त्यावर मथळा दुमजली होता. खाली 'पाणी, मी.' आणि त्याच्यावर, तीन रकान्यांवर पसरलेली, छापखान्याच्या बारीक अक्षरांतली ओळ: खुणेपासूनचं अंतर. तळाशी एक टीप. खूण म्हणजे पुलाच्या मधल्या खांबातला लोखंडी खिळा, वरच्या प्रवाहाच्या बाजूला. तिथून खाली पाण्यापर्यंत मोजायचं. पाणी खुणेच्या वर गेलं तर उणे चिन्ह लावायचं.

मिलोयकानं ती टीप वाचली आणि दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. उणे म्हणजे कोरडं नव्हतं. उणे म्हणजे खिळा बुडाला होता.

"मिळालं?" फोनमधून बोझेना.

"मिळालं. खाली मोजलंय. वरून."

"मग तो रकाना आपल्या पातळीच्या मथळ्याखाली जाऊच शकत नाही. खिळा शून्यापासून किती उंच ते कळेपर्यंत नाही. आमच्याकडे त्याची कुठेही नोंद नाही. खिळा राहिलाय का, तेही माहीत नाही. नसला, तर वीस वर्षं तशीच आपल्या नावानं बाजूला ठेवावी लागतील." जरा थांबून ती म्हणाली, "घराचं काम सुरू होणार होतं ना तुमच्या?"

"सोमवारी."

"जा मग. पुलावर जा."

वेन्कोनं एकही प्रश्न न विचारता रबरी बूट चढवले आणि लांब शिडी काढली. त्यानं आयुष्यभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या होत्या, आणि फरशीवाल्याकडे असते तशी पाण्यानं भरायची पारदर्शक नळी त्याच्याकडे होती. दोन टोकं कितीही लांब धरली तरी आतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहतं. ती त्यानं खांद्यावर वेटोळी करून घेतली. आल्योशा जिन्याशी उभा होता.

"मीही येतो," तो म्हणाला. "माझं घर पाण्यात बुडवायचंय तर माझ्यासमोर बुडवा."

पुलाखाली पाणी घोट्याएवढं होतं. मधल्या खांबावर शेवाळ. वेन्को शिडीवर उभा राहून करवतीच्या पाठीनं शेवाळ खरडत गेला, काही निघेना. मग दुसऱ्या बाजूला गेला.

"वरच्या प्रवाहाची बाजू, बाबा," आल्योशा म्हणाला. "ही खालची."

"मग तूच ये की, इंजिनियर."

आल्योशा पाण्यात उतरून शिडीवर चढला. मिलोयका कठड्यावरून वाकून पाहत होती. खिळा नसावा, असं एक क्षण तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. नसला तर कुणीच काही सिद्ध करू शकणार नव्हतं. तेया तिच्या घरी जाईल, आपल्या चुलीवर हवं ते हव्या त्या नावानं शिजवील.

"सापडला," आल्योशा म्हणाला.

अंगठ्याएवढा गंजलेला लोखंडी खिळा, दगडात शिसं ओतून बसवलेला. त्याच्या भोवती लाल रंगाची एक कड शिल्लक होती, नखाएवढी. आल्योशानं नळीचं एक टोक तिथं धरलं. वेन्को दुसरं टोक घेऊन किनाऱ्यावरच्या खांबापाशी गेला, तिथं आजची पांढरी पट्टी होती, तीच, जिचं शून्य ऑस्ट्रियाच्या काळापासून हललेलं नव्हतं. नळीतलं पाणी हललं, डुललं, स्थिर झालं.

"किती?" मिलोयकानं वरून विचारलं.

"तीन ऐंशी," वेन्को म्हणाला. "बोटभर इकडे तिकडे."

आल्योशानं नळी सोडली नाही. तो खिळ्याकडे बघत होता आणि मग त्यानं मान वर केली, खिळ्याच्या वर, पुलाच्या कमानीच्या आतल्या काळ्या दगडांकडे. तिथं, त्याच्या डोक्याच्याही बरंच वर, पाणी उभं राहायचं. मिलोयकाला त्याचा चेहरा दिसला. लहानपणी त्याला पहिल्यांदा समुद्रावर नेलं होतं तेव्हा तो असाच दिसला होता.

घरी येऊन तिनं आपल्या जुळणीच्या तक्त्यातली ती एक ओळ बदलली. डावीकडे पूर्ण मथळा, दोन्ही मजले, जसा छापला तसा. उजवीकडे 'पाण्याची पातळी'. एकक, मीटरचे सेंटिमीटर. गणित, तीनशे ऐंशी वजा अंतर. शंकेच्या रकान्यात, 'खिळ्याची उंची घरी नळीनं मोजली, सर्वेक्षकानं तपासावी'. मूळ आकडे तिनं पुसले नाहीत. ते शेजारी आपल्या नावानं राहिले.

मग तिनं तक्ते पुन्हा जोडले, आणि रेघ उलटली.

तिला काही सुचेना. तिनं जिन्यातून खाली हाक मारली, "वर या." आवाज कसा लागला कुणास ठाऊक, सगळे आले. तेयाचे हात पिठाचे होते. नोनो कितीतरी दिवसांनी जिना चढले, प्रत्येक पायरीवर जिना बांधणाऱ्याला शिवी देत. तो त्यांनी स्वतःच बांधला होता.

पडद्यावर एकच रेघ होती, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. दर शरदात चढायची, दर उन्हाळ्यात उतरायची. मध्ये मध्ये युद्धांच्या जागी कोरी पोकळी. तिथंसुद्धा डोळा आपोआप ती उडी भरून काढत होता. तीन राजवटींचे लोक रोज सकाळी सातला त्या पुलावर गेले होते. एकमेकांना कधी भेटले नाहीत, भेटले असते तर कदाचित एकमेकांवर थुंकले असते. पण त्यांनी लिहिलेलं आता एकाच हातानं लिहिल्यासारखं पुढे चाललं होतं. कुठे सांधा आहे ते दिसत नव्हतं.

"सुलट हेच कशावरून?" तेयानं विचारलं. ती मुळातच हुशार होती. "पहिलं बरोबर आणि हे चूक, असं का नाही?"

"उन्हाळे बघ." मिलोयकानं बोट ठेवलं. "ऑस्ट्रियाचे उन्हाळे इथं, तीस सेंटिमीटर. युगोस्लावियाचे इथं, तीस. आणि इटलीचे, खिळ्यातून वजा केल्यावर, तीस. मी ते जमवलेले नाहीत. आपोआप येऊन बसले."

तेया पुढे वाकली.

नाशपातीची उंची मिलोयकानं आडव्या बारीक रेघेनं काढली होती. ऑस्ट्रियाच्या काळातला तो एकटा, अपवाद म्हणून सोडून दिलेला आकडा त्या रेघेच्या वर होता. आता त्याच्या पुढे आणखी दोन होते. इटलीचे. त्यातला दुसरा सगळ्यांत उंच. त्या पाण्यानं नाशपातीच्या बुंध्याशी उभ्या माणसाच्या मांड्या भिजल्या असत्या. आणि त्यानंतर आजतागायत रेघ शांत होती, आडव्या रेघेखाली, जणू तिला ती रेघ माहीतच नव्हती.

"शेरा वाच," वेन्को हळूच म्हणाला. तो शेऱ्याचा रकाना मिलोयकानं शेवटी करायचा म्हणून ठेवून दिला होता. हातानं लिहिलेलं, यंत्राला न लागणारं. तिनं ते पान उघडलं. इटालियनमध्ये, तिरक्या, गार बोटांच्या अक्षरात. आजीच्या स्वरात तिनं ते मनात वाचलं आणि मग मोठ्यानं सांगितलं.

"'खूण दिसत नाही. काठी होडीतून धरली.' दुसऱ्या दिवशी, 'होडीतून.' मग पुन्हा, 'होडीतून. वारा नाही. कुंपणांची टोकं मोजली.' पुढच्या आठवड्यातही, 'होडीतून.'"

खिडकीबाहेर तेच मैदान होतं, उन्हात, कापलेल्या गवताचं, आणि मध्ये आल्योशाच्या खुंट्या, चार कोपऱ्यांवर पिवळी दोरी.

"हे कुठलं साल?" नोनोंनी विचारलं.

"पस्तीस."

"मी अडतीसचा." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "म्हणजे अख्खा जन्म मी निव्वळ नशिबानं कोरडा राहिलो, आणि लोकांना अनुभव म्हणून सांगत फिरलो." ते हसले, पण डोळे पडद्यावरून हलले नाहीत. "किती मोठा आहे गं हा प्राणी. आपण त्याच्या पाठीवर राहतोय."

"पण शेवटचा पूर कधीचा," तेया म्हणाली. आवाज भांडणाचा नव्हता, विनवणीचा होता. "इतकी वर्षं नाही आलं. पुन्हा कशावरून येईल? नकाशा हिरवा आहे. कुणी आपल्याला अडवणार नाही."

"नाही अडवणार," मिलोयका म्हणाली. "नवा नकाशा व्हायला वर्षं लागतील. कार्यालयानं पाठवलं, त्यांनी मानलं, तर."

तेयानं आल्योशाकडे पाहिलं. आल्योशा खिडकीतून खुंट्यांकडे पाहत होता.

"मी खिळ्याला हात लावला," तो म्हणाला.

तेया खाली गेली. थोड्या वेळानं लाटण्याचा आवाज येऊ लागला, एकसारखा, जोरात. कणकेवर राग काढता येतो, सासूवर नाही.

रविवारी मिलोयका एकटीच मैदानात गेली. खुंट्यांच्या चौकोनात उभी राहिली, जिथं तेयाचं स्वयंपाकघर येणार होतं. नाशपातीवर थोडी फळं उरली होती. तिनं कुंपणाच्या काठीवर हात ठेवला, मग हात मांडीपर्यंत खाली आणला, आणि मग डोळे वर करून सगळीकडे पाहिलं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. हे सगळं. शांत, वारा नसलेलं. एक माणूस होडीतून काठी धरून, खिळा कुठे असेल त्याचा अंदाज घेत, कारण सकाळचे सात वाजले आहेत. तिच्या अंगावर काटा आला. ती तिथं बराच वेळ उभी राहिली. मग तिनं घराकडे, वरच्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. तिची खिडकी. बाहेरून स्वतंत्र जिना, दोन खोल्या, सज्जा, आणि पाण्याची जोडणी भिंतीपर्यंत आलेली.

जेवायला योताचं, आंबट सलगमाच्या दाट सूपचं, मोठं पातेलं होतं. तेयानं केलेलं, 'आंबवलेलं, सप्टें.' घालून. वेन्को पाव कापत होता. मिलोयका बसली नाही. खुर्चीच्या मागे उभी राहूनच बोलली.

"नाशपातीजवळ घर होणार नाही. जमीन माझ्या नावावर आहे आणि ती गवताचीच राहील. आल्योशा, जेवण झालं की खुंट्या काढ आणि खोदाईवाल्याला फोन कर. वरचा मजला तुमचा. माझ्या टेबलाच्या जागी चूल येईल, खिडकीशी, नळ तिथवर आलाच आहे. मी आणि वेन्को खाली येतोय, नोनोंच्या शेजारच्या खोलीत. तेया, वर तुझं स्वयंपाकघर, माझी चमचाभर लुडबुड नाही. कपाट उद्या सकाळी उतरवायचं. आता योता वाढ."